म्हैस गेली, पण दिसली नाही: पडद्याबाहेरच्या आवाजातून प्रसंग कसा सांगायचा

प्रश्न: "आमची १२ मिनिटांची शॉर्टफिल्म आहे. कर्जापायी घरची म्हैस विकली जाते. तिला टेम्पोत चढवून नेतात ते आम्ही दाखवत नाही. कॅमेरा सगळा वेळ स्वयंपाकघरात तांदूळ निवडणाऱ्या आजीवर आहे, बाहेरचं फक्त ऐकू येतं. पहिला कट दहा जणांना दाखवला, त्यातल्या सात जणांना म्हैस गेली हे कळलंच नाही. एकाला वाटलं सिलेंडरवाला आला. आवाज वाढवून पाहिले, आणखी आवाज घातले, तरी तेच. कुठे चुकतंय?"

तुमच्या दहा जणांत सगळ्यात नीट ऐकलं ते सिलेंडरवाला म्हणणाऱ्याने. टेम्पो आला, लोखंडावर लोखंड आपटलं, दोन पुरुष काहीतरी बोलले, जड वस्तू फळीवरून सरकली, टेम्पो गेला. हे सगळं त्याला बरोबर ऐकू आलं आणि त्यातून त्याने आपल्या रोजच्या आयुष्यातला सगळ्यात जवळचा प्रसंग उचलला. कान तेवढंच करू शकतो. कोणता पदार्थ कशावर आपटला, किती जड होता, किती लांब, घाईत की सावकाश, एवढं कानाला चांगलं कळतं. ते कोणाचं होतं आणि कशासाठी चाललंय, हे कान सांगत नाही. ते माणूस आपल्या डोक्यातून भरतो, आणि तुम्ही काही दिलं नसेल तर सिलेंडर भरतो.

मी पंचवीसेक वर्षं आवाजाचं काम करतोय, आधी नाटकांना, मग सिनेमांना. सुरुवातीच्या काळात एका टेलिफिल्ममध्ये पुऱ्या तळल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत बसलेल्या मुलावर घातला होता. हेतू असा, की आत आईने सण मांडलाय हे कळावं. प्रयोगाला आलेल्या एका बाईंनी नंतर विचारलं, "अहो, पाऊस पडत होता तर तो मुलगा कोरडाच कसा बाहेर गेला?" तळण आणि कौलांवरचा पाऊस डोळे मिटून ऐकलात तर तुम्हीही फसाल. तेव्हा आवाज वाढवणं किंवा त्यांची संख्या वाढवणं हा इथे इलाज नाही. जे आवाज त्या प्रसंगात वाजणार आहेत, ते प्रेक्षकाच्या ओळखीचे त्याआधी झालेले हवेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढचं सगळं तुमचं घर कोणतं आहे, फिल्म कुठे पाहिली जाणार आहे आणि एखाद्या दिवसाचं शूटिंग अजून करता येईल का, यावर अवलंबून आहे. घर कौलारू, मातीच्या भिंतींचं आहे आणि दोनचार शॉट नव्याने घेता येतील असं धरून मी लिहितो. दिवस अजिबात मिळणार नसेल, तरी निम्म्याहून जास्त गोष्टी एडिटिंग टेबलवर होतील.

सुरुवात घंटेपासून करू. म्हशीच्या गळ्यात घंटा आहे का? नसेल तर बांधा. पितळी गोड घंटा नको, लोखंडी, जराशी फुटकी, एकदा ऐकली की दुसऱ्या कशासारखी न वाटणारी. फुटक्या घंटेचा स्वर बसका असतो आणि प्रत्येक ठोक्याला थोडा कर्र होतो. आता ही घंटा तुमच्या बारा मिनिटांत त्या प्रसंगाआधी तीनदा यायला हवी, आणि तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी. पहिल्यांदा दिसते आणि वाजते: आजी पाणी पाजते, म्हैस मान हलवते, घंटा फ्रेममध्ये आहे. दुसऱ्यांदा अर्धीच दिसते: मुलगा दारात बसून फोनवर बोलतोय, मागे गोठ्याच्या अंधारात घंटा वाजते, आपल्याला म्हशीची पाठ कळते न कळते. तिसऱ्यांदा अजिबात दिसत नाही: रात्र, आजी अंथरुणावर, बाहेर सावकाश रवंथ करताना अधूनमधून एखादा ठोका. या तिसऱ्या वेळी प्रेक्षक काही विचार न करता मनात म्हणतो, म्हैस. तो धडा शिकलाय हे त्याला कळतही नाही. चौथ्यांदा तुम्ही त्याच्याकडून काम करून घेणार आहात.

ही युक्ती बोलपटाइतकीच जुनी आहे. फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या 'एम'मध्ये खुनी माणूस एक ठरावीक धून शीळ घालत असतो. आधी आपण तो फुगेवाल्याकडून लहान मुलीसाठी फुगा घेताना ती शीळ ऐकतो. नंतर तोच आंधळा फुगेवाला रस्त्यात नुसत्या शिळेवरून त्याला ओळखतो. त्याला दिसत नाही आणि आपल्यालाही तो माणूस पाहण्याची गरज उरलेली नसते. लक्षात घ्या, शीळ स्वतः भयंकर नाही. ती पहिल्यांदा कुठे ऐकली यामुळे ती भयंकर होते. तुमची घंटाही करुण वगैरे असायला नको.

इथे एक जाता जाता सांगतो, कारण ही चूक मी गावाकडच्या फिल्ममध्ये फार वेळा पाहिली आहे. नेटवरून 'काऊ' म्हणून उतरवलेला आवाज म्हशीला लावू नका. गाय हंबरते, म्हैस रेकते, आणि गावातलं शेंबडं पोरही तो फरक ओळखतं. शहरातल्या प्रेक्षकाला नाव सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे त्यालाही जाणवतं. शिवाय परदेशी आवाजांच्या संग्रहातल्या गाईच्या मागे बऱ्याचदा तिकडचे पक्षी असतात. एकदा अशाच एका गोठ्यात मला कावळ्या-चिमण्यांच्या जागी भलतेच पक्षी ऐकू आले होते आणि ते मिक्स होऊन गेल्यावर ऐकू आले.

आता प्रत्यक्ष प्रसंग. मी तो सुमारे सत्तर सेकंदांचा धरतो आणि माझ्या पद्धतीने मांडून दाखवतो.

पहिला आवाज बाहेरचा नाही, आतला आहे: सुपातले तांदूळ. आजीच्या बोटांची एक लय आहे, तांदूळ पुढे सरकवायचे, खडा उचलायचा, ताटलीत टाकायचा, टिक. हा आवाज जवळचा, कोरडा आणि स्वच्छ हवा, तो वेगळा रेकॉर्ड करा, अगदी सुपाजवळ वीतभर अंतरावर माइक धरून. सगळा प्रसंग याच आवाजावर उभा राहतो. माणूस काम करत असला की त्याचे कान अर्धे मिटलेले असतात. हात थांबला की ते उघडतात, आणि प्रेक्षकाचेही त्याच्याबरोबर उघडतात. बाहेरचा आवाज दोन डेसिबलने वाढवून जे होत नाही, ते आतला आवाज थांबवून होतं.

सहाव्या सेकंदाला टेम्पो. येतानाचं इंजिन लांबवू नका, रिव्हर्सचा पीं-पीं घ्या. रस्त्यावरून गाड्या जात-येत असतात, पण रिव्हर्स घेणारी गाडी कुणाच्या तरी दाराशी आलेली असते. त्या एका आवाजात 'आपल्याकडे' ही माहिती आहे. इंजिन बंद. दोन सेकंद काही नाही, फक्त तांदूळ. आजी मान वर करत नाही, कारण तिला टेम्पो येणार हे माहीत आहे. अभिनेत्रीने इथे दचकायचं नाही, हे तिला नक्की सांगा. ती दचकली की प्रेक्षकाला वाटणार, अनपेक्षित काहीतरी आलं, आणि तो पुन्हा अंदाज करायला लागणार.

पंधराव्या सेकंदाच्या आसपास माणसांची बोलणी. शब्द कळायला नकोत, फक्त मुलाचा आवाज आणि एक परका आवाज एवढा फरक कळावा. मग टेम्पोच्या मागच्या फळक्याची साखळी सुटते आणि फळका खाली येतो, धाड. तुमचा सिलेंडर इथेच जन्माला आला. हा आवाज टाळता येत नाही, पण त्याच्या नंतर लगेच काय ऐकू येतं ते आपल्या हातात आहे. तुमच्या कटमध्ये फळक्यानंतर लगेच काहीतरी ओढण्याचा आवाज असावा असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तिथे घंटा आणा. सावकाश, रोज पाण्यावर जाताना वाजते तशी, चार-पाच ठोके. खुंट्यावरून सोडलेली म्हैस आपल्या चालीने निघाली आहे, तिला काही माहीत नाही. फळका आणि घंटा हे दोन आवाज एकापाठोपाठ आले की प्रेक्षकाच्या डोक्यात गणित सुटतं. एकावर एक आले तर सुटत नाही. दोन्हींमध्ये किमान दीड-दोन सेकंदांची मोकळी जागा ठेवा. पहिल्या आवाजाचा अर्थ लागायला तेवढा वेळ लागतो आणि तो लागायच्या आत दुसरा आला तर दोघांचा मिळून नुसता गलका होतो. 'आणखी आवाज घातले' म्हणालात, तेव्हा बहुतेक याच मोकळ्या जागा भरल्या गेल्या असतील.

घंटा सुरू झाली की आजीचा हात मंदावतो. थांबत नाही, फक्त मंदावतो. एक खडा बोटात आहे, तो ताटलीत पडायला जरा वेळ लागतो.

मग लाकडी फळीवर खूर. दोन ठोके, ठक, ठक, आणि थांबले. घंटा एकदम जोरात हलली, मान झटकल्यासारखी. इथे आजीचा हात पूर्ण थांबतो. आणि आता चार सेकंद काहीच नको. लांबचा कावळा चालेल, चुलीतला एखादा तडतडणारा लाकडाचा तुकडा चालेल. चार सेकंद टेबलवर फार मोठे वाटतात. तुम्हाला ते कापावेसे वाटतील, संगीत घालावंसं वाटेल. थांबा. बाहेर म्हैस अडून बसली आहे, हे कुणीही न दाखवता, न बोलता या चार सेकंदांत कळतं, आणि आजीही त्याच वेळी मनात काहीतरी धरून बसली आहे हे त्याच्याच शेजारी दिसतं. पडद्यावर खूर दाखवले असते तर आपण खूर पाहिले असते, आजी नाही.

पुढे एकच माणसाचा आवाज, "हैक", मग एकदम घाईने चार-पाच खूर, पोकळ फळीवर, आणि घंटा. आता घंटेचा आवाज बदललेला हवा. मघापर्यंत ती मोकळ्या अंगणात होती, आता टेम्पोच्या पत्र्यात आहे. ठोक्यामागे पत्र्याची छोटी झणझण यायला हवी. माझ्या मते तुमच्या प्रसंगातला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे, आणि तो फुकट मिळतो. घंटा उघड्यावरून पत्र्यात गेली, म्हणजे म्हैस चढली. खुरांचे आवाज जमले नाहीत तरी एवढ्यावर निभावेल. फळका बंद, साखळी, इंजिन, आणि घंटा इंजिनाखाली दबत जाते. ती इंजिनाच्या आधी संपली पाहिजे. शेवटी नुसतं इंजिन उरतं, ते वळणावर जातं. आजीचा हात पुन्हा चालू होतो, तांदूळ, खडा, टिक.

आणि त्या रात्रीच्या सीनमध्ये घंटा नाही. तुम्ही तिसऱ्या वेळी रात्रीच्या आवाजात ती घातली असेल, तर आता तोच रात्रीचा आवाज, तेच रातकिडे, फक्त घंटा काढून. ज्यांना टेम्पोच्या वेळी शंका राहिली असेल त्यांनाही इथे कळेल. पण त्यासाठी आधीची रात्र नीट वाजलेली हवी, हे उघड आहे. नसलेला आवाज ऐकू येण्यासाठी तो आधी तिथे असावा लागतो.

तुमच्यापैकी कुणीतरी इथे म्हणेल की रेडकू गोठ्यात राहिलंय आणि ते आईसाठी ओरडतंय असं करू. मी करणार नाही. ते ओरडणं प्रेक्षकाला काय वाटायचं ते हातात धरून सांगतं, आणि दुभती म्हैस रेडकू मागे ठेवून का विकली, हा नवा प्रश्न गावाकडचा प्रेक्षक लगेच विचारेल.

आता अंतराबद्दल, कारण तुम्ही 'आवाज वाढवून पाहिले' म्हणता तिथे मला ही दुसरी गडबड दिसते. जवळून घेतलेला आवाज नुसता कमी केला की तो लांबचा होत नाही, तो हळू वाजणारा जवळचा आवाजच राहतो. लांबच्या आवाजाचे वरचे स्वर हवेत आणि भिंतीत विरतात, खालचे टिकतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. त्यावर बरेच जण 'लांब' दाखवायला रिव्हर्ब घालतात, आणि अंगण मंगल कार्यालयासारखं घुमायला लागतं. अंगणात घुमायला भिंती नसतात. घुमायचंच असेल तर तो आवाज दारातून आत आल्यावर आतली खोली त्याला थोडं घुमवेल, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या, मातीच्या भिंतींच्या खोलीत तेही फार थोडं. तुमचं घर स्लॅबचं असतं तर उलट झालं असतं. तिथे दार बंद झालं की बाहेरचं जवळजवळ बंद होतं आणि आतलं भांडं पडलं तरी घुमतं.

कौलारू घराची एक खासियत तुमच्या कामाची आहे. भिंत आणि कौलं यांच्यामध्ये बऱ्याचदा फट असते, धूर जायला, हवा यायला. आवाज तिथूनही आत येतो, वरून. दार बंद असलं तरी घंटेचे वरचे स्वर थोडे ऐकू येतात. तेव्हा घंटेवरचं वरचं टोक फार कापू नका, इंजिन मात्र भरपूर कापा. दोन्हींवर एकच फिल्टर लावलात तर दोन्ही एकाच भिंतीमागे एकाच जागी उभे आहेत असं वाटेल, आणि मग घंटा इंजिनात बुडेल.

पण खरं सांगू का, फिल्टरने हे करण्यापेक्षा एक सोपा मार्ग आहे. आजी बसली होती तिथेच, तिच्या कानाच्या उंचीवर माइक ठेवा आणि बाहेर अंगणात सगळं खरंच करा. टेम्पो एका तासासाठी मिळतो, म्हैस चढवायची गरज नाही. घंटा हातात धरून एक माणूस टेम्पोत चढू द्या. त्या जागेवरून रेकॉर्ड झालेल्या आवाजात भिंत, फट, दार आणि अंतर आपोआप आलेलं असतं. बाहेर दुसरा एक माइक टेम्पोजवळ ठेवा आणि नंतर त्यातला थोडासा आवाज मिसळा, जिथे ठोका अस्पष्ट वाटतो तिथेच. मी साधारण तीन भाग आतला आणि एक भाग बाहेरचा धरतो, पण कानाला पटेल ते. टेम्पो मिळणार नसेल तर जमा केलेले आवाज त्याच घराच्या अंगणात एखाद्या बऱ्या स्पीकरवर मोठ्याने वाजवा आणि आजीच्या जागेवरून पुन्हा रेकॉर्ड करा. वॉल्टर मर्च यांनी १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी'मध्ये रेडिओवरची गाणी अशीच खऱ्या जागेत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केली होती. पीं-पीं, इंजिन, माणसांची कुजबुज यांना हे छान लागू पडतं. घंटा मात्र खरीच वाजवा. स्पीकरमधून वाजलेली घंटा दुसऱ्यांदा रेकॉर्ड केली की तिच्या ठोक्याची धार बोथट होते.

खुरांसाठी म्हैसही लागत नाही. जाड पाट उपडा ठेवा, त्यावर करवंटी नको, ती घोड्यासारखी वाजते. मी लाकडी पोळपाटाची कड कापडात गुंडाळून वापरतो, वरून मनगटाचा जोर देऊन. म्हशीचं वजन ठोक्याच्या जोरात नसतं, ठोक्यानंतर फळी जी करकरते त्यात असतं. तेव्हा करकर वेगळी घ्या. जुन्या बाकावर एखाद्या जाड मित्राला सावकाश बसायला सांगा.

शूटिंगच्या दिवसाची एक अडचण तुम्हाला आली असेलच. आजीने कशावर थांबायचं? बाहेर काहीच घडत नाही, सहायक दिग्दर्शक खुणा करतोय, आणि आजीची नजर नेमकी त्या खुणेकडे जाते. मी अशा वेळी शूटिंगच्या आधीच आवाजाचा कच्चा पट्टा बांधतो, मोबाइलवर सुद्धा चालतो, तोंडाने 'धाड' म्हटलेलं सुद्धा चालतं. तो पट्टा एक-दोन टेकला खोलीबाहेर स्पीकरवर वाजवायचा, म्हणजे अभिनेत्रीला लय कळते. मग एक टेक तो बंद ठेवून, तिच्या आठवणीवर. बहुतेक वेळा हाच टेक फिल्ममध्ये राहतो, कारण आवाज नसताना ती खरंच ऐकण्याचा प्रयत्न करत असते. तुमचं शूटिंग होऊन गेलंय, तर उलटं करा: आजीच्या हाताच्या थांब्याप्रमाणे बाहेरचे आवाज सरकवा. तिचा हात बाराव्या सेकंदाला थांबत असेल तर खूर बाराव्यालाच अडायला हवेत, थोडे आधी, पाव सेकंद. आवाज आधी, हात नंतर. उलटं झालं तर म्हातारीला भविष्य कळतं असं वाटतं.

संवादाचा मोह टाळा. रेडिओवरच्या श्रुतिकेत "अरे, ती फळीवर पाय ठेवीना!" असं म्हणावं लागतं, तिथे चित्रच नसतं. तुमच्याकडे चित्र आहे, आणि अशा वाक्याने आजीचा चेहरा चित्राऐवजी सजावट होतो. फार तर मुलाने एकदा तिचं नाव घ्यावं. म्हशीचं नाव आधी आजीच्या तोंडी आलेलं असेल, चंद्रा म्हणा किंवा काही, आणि इथे मुलगा दबक्या आवाजात "चंद्रे, चल" म्हणतो, तर ते घंटेइतकंच काम करतं. मात्र किती पैशाला गेली, कुणाला गेली, कर्ज किती होतं, या गोष्टी आवाजाने सांगता येणार नाहीत. त्या आधीच्या दृश्यातल्या बोलण्यात सांगून मोकळे व्हा, नाहीतर हे सत्तर सेकंद माहिती वाहून थकतील.

आता मी स्वतः जिथे तोंडावर आपटलो ते सांगतो. एका शॉर्टफिल्ममध्ये शेजारच्या खोलीतलं भांडण आणि पडलेलं कपाट असं सगळं भिंतीपलीकडून ऐकवलं होतं. स्टुडिओत छातीत धडकायचं. कॉलेजच्या सभागृहात दाखवलं तेव्हाही लोक दचकले. मग फिल्म नेटवर गेली आणि प्रतिक्रिया आल्या, की तो माणूस भिंतीकडे बघून का रडतोय? भिंत वरचे स्वर खाते म्हणून मी वरचे कापले होते, आणि मोबाइलचा स्पीकर खालचे स्वर वाजवतच नाही. दोन्हीकडून कापून मधे काहीच उरलं नव्हतं. लोकांच्या फोनवर कपाट पडलंच नाही.

तेव्हापासून बाहेरच्या प्रत्येक आवाजात मी मधल्या पट्टीतलं काहीतरी ठेवतोच, साधारण ५०० हर्ट्‌झपासून ३ किलोहर्ट्‌झपर्यंतचं. तुमच्याकडे ते नशिबाने आहे. घंटा, साखळी आणि पीं-पीं मोबाइलवरही वाजतील. खुरांचा दणका आणि इंजिनाची घरघर वाजणार नाही. म्हणून खुरांना फळीची करकर द्या आणि जाणाऱ्या टेम्पोला पत्र्याची खडखड. मिक्स झालं की एकदा साध्या फोनवर, एकदा पंखा चालू असलेल्या खोलीत ऐका. पंख्याखाली आजीचे चार शांत सेकंद उरतात का ते बघा. नाही उरले तर तांदळाचा आवाज आधी थोडा वाढवा, म्हणजे तो थांबल्याचं कळेल.

थिएटरसाठी ५.१ मिक्स करणार असाल तर एक मोह तिथेही असतो, टेम्पो मागच्या स्पीकरमध्ये टाकायचा. मी टाकणार नाही. प्रेक्षक मागे वळून दाराकडे बघतो आणि आजीला सोडतो. फ्रेममध्ये दार डावीकडे आहे ना, मग घंटा समोरच्या डाव्या बाजूला ठेवा, आणि जाताना तीच बाजू धरून विरू द्या. मागे फार तर गावातला कावळा.

शेवटची कसोटी, आणि ती पुन्हा दहा जणांवर करू नका, ज्यांनी पहिला कट पाहिलाय ते निकामी झाले. नवे पाच जण घ्या. प्रसंगाआधीची फिल्म पूर्ण दाखवा, मग प्रसंगाचं चित्र बंद करून फक्त आवाज ऐकवा आणि विचारा, बाहेर काय झालं? पाचातल्या चौघांनी म्हैस म्हटलं तर काम झालं. मग दुसऱ्या पाच जणांना चित्रासह दाखवा, पण प्रश्न वेगळा विचारा: आजी कधी थांबली? कुणी खुरांवर म्हणेल, कुणी घंटेवर, दोन्ही ठीक. "टेम्पो आला तेव्हा" असं उत्तर आलं तर समजा अभिनेत्री लवकर थांबली आहे किंवा तांदळाचा आवाज मधे कुठेतरी चुकून कापला गेलाय. तो जोड तपासा.

आणि घंटा कुणाकडून मागून आणली असेल तर मिक्स हातात येईपर्यंत परत करू नका. शेवटच्या रात्री एखादा ठोका कमी पडतोच, आणि दुसरी घंटा तशी वाजत नाही.